बेरीज, प्रश्न आणि माणूस : 'गोल्डन रूल' खटल्याचा धडा

मेरिटचा वाद निघाला की समोरचा माणूस शेवटी एकाच ठिकाणी येऊन उभा राहतो. "त्याला 612 आणि याला 540. आता बोला." आपण बोलतो. शाळा कुठली, शिकवणी किती लाखांची, घरात पुस्तक होते का, पहिली पिढी की चौथी, हे सगळे आपण सांगतो आणि ते खरेच आहे. पण 612 हा आकडा आपण तसाच सोडून देतो. जणू तो वजनकाट्यावरून उतरवून घेतला आहे आणि भांडण फक्त त्याच्या अर्थाचे आहे. आमचे म्हणणे असे की भांडण आकड्यापाशीच सुरू व्हायला हवे. तो कसा बनतो, त्यात काय मिसळलेले असते आणि ते वेगळे करता येते का, या प्रश्नांना शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो बराचसा अमेरिकेत घडला आणि तिथे तो वर्णाच्या प्रश्नातूनच गेला, म्हणून आपल्याला तो माहीत असायला हवा.

आधी आमचीच एक चूक सांगतो. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दर रविवारी सराव परीक्षा होते. एका रविवारी शंभर प्रश्नांच्या पेपरात एका मुलाला 62 मिळाले. पुढच्या रविवारी पेपर दुसरा होता, त्यात एका मुलीला 48 मिळाले. फळ्यावर आम्ही 62 वर लिहिले आणि 48 खाली. मुलगी म्हणाली, "दादा, पण या वेळचा पेपर अवघड होता ना?" आम्ही म्हणालो, "सगळ्यांनाच अवघड होता." हे उत्तर चुकीचे होते, कारण पहिल्या रविवारच्या मुलाने तो अवघड पेपर दिलाच नव्हता. 62 हा आकडा त्या मुलाचा नव्हता. तो त्या मुलाचा आणि त्या पेपरचा मिळून झालेला आकडा होता.

बरोबर उत्तरांची बेरीज करायची आणि ती बेरीज म्हणजे माणूस, ही जुनी पद्धत. तिच्यामागे सिद्धान्तही आहे. इंग्रज मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन याने 1904 मध्ये त्याचा पाया घातला. मिळालेले गुण म्हणजे खरे गुण अधिक चूक, असे त्याचे सार आहे. चूक कधी वर ढकलते, कधी खाली. प्रश्न पुष्कळ असले की ती बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते. सिद्धान्त वाईट नाही, शाळेच्या चाचणीला तो पुरतो. पण त्यातले 'खरे गुण' हे त्याच पेपरवरचे खरे गुण असतात. पेपर बदलला की तेही बदलतात. आणि प्रश्नाची काठिण्यपातळी मोजायची तर 'किती टक्के मुलांना आला' हे एकच माप हाती असते. म्हणजे मुले बदलली की प्रश्नाची काठिण्यपातळीही बदलते. मुलाला पेपरने मोजायचे आणि पेपरला मुलांनी मोजायचे, असे हे दोन टोकांना बांधलेले दोर आहेत. एक सोडवायला गेले की दुसरा आवळतो.

या बेरजेचा सर्वांत घातक उपयोग पहिल्या महायुद्धानंतर झाला. अमेरिकी सैन्याने भरतीच्या वेळी सतरा लाखांच्या आसपास माणसांची बुद्धिचाचणी घेतली होती. साक्षरांसाठी 'आल्फा' आणि निरक्षरांसाठी किंवा इंग्रजी न येणाऱ्यांसाठी 'बीटा'. प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅमने त्या आकड्यांवरून 1923 मध्ये पुस्तक लिहिले आणि कुठल्या वंशाची बुद्धी किती हे मांडले. उत्तर युरोपातले वर, दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले खाली, कृष्णवर्णीय सर्वांत खाली. आल्फामधले प्रश्न कसे होते? क्रिस्को हे औषध आहे, जंतुनाशक आहे, दंतमंजन आहे की खाण्याची वस्तू? अमुक माणूस बेसबॉलपटू आहे की आणखी कोणी? अमेरिकन किराणा दुकानात ज्याने कधी पाऊल टाकले नाही त्याने क्रिस्कोचे उत्तर कुठून द्यायचे? ब्रिगहॅमच्याच आकड्यांत दिसत होते की अमेरिकेत वीस वर्षे राहिलेल्या स्थलांतरितांचे गुण तिथे जन्मलेल्यांइतके होतात. सरळ अर्थ असा की चाचणी अमेरिकेची ओळख मोजत होती. ब्रिगहॅमने अर्थ लावला तो असा की आधीच्या काळात चांगल्या वंशाचे लोक येत होते आणि आता हलके येतात! जात डोक्यात पक्की बसली की आकडे तिची चाकरी करतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

याच ब्रिगहॅमने पुढे 1926 मध्ये सुरू झालेली एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा घडवली. आणि याच ब्रिगहॅमने 1930 मध्ये स्वतःचा वंशविषयक अभ्यास निराधार असल्याचे छापून कबूल केले. कबुलीचे कारण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याने केवळ पश्चात्ताप व्यक्त केला नाही. त्याने लिहिले की सैन्याच्या चाचणीतले वेगवेगळे भाग एकच गोष्ट मोजत नव्हते, म्हणून त्यांची बेरीज करणेच गैर होते. भाषा आणि घरचे वातावरण वेगळे असलेल्या गटांची त्यावरून तुलना करणे तर आणखी गैर. म्हणजे चूक बेरजेत होती. पण त्याआधीच, 1924 मध्ये, दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांना दरवाजा बंद करणारा कायदा होऊन गेला होता.

बेरजेची गाठ सोडवणारा एक माणूस डेन्मार्कमधला. गेऑर्ग राश, शिक्षणाने गणितज्ञ. 1950 च्या सुमारास त्याच्यापुढे एक साधा प्रश्न आला. वाचनात मागे पडलेल्या मुलांना खास मदत मिळाली होती. त्यांची वाचनचाचणी वर्षानुवर्षे होत होती, पण दर वेळी उतारा वेगळा, कारण मूल मोठे होत जाते. मग मूल सुधारले की उतारा सोपा होता, हे कसे ओळखायचे? आमच्या अभ्यासिकेतल्या मुलीचाच हा प्रश्न.

राशने 1960 मध्ये पुस्तकात जे मांडले त्याचे बीज असे. एकेका प्रश्नाकडे एकेका माणसाची गाठ म्हणून पाहायचे. माणसाची क्षमता हा एक आकडा, त्याला थीटा म्हणू. प्रश्नाची काठिण्यपातळी हा दुसरा आकडा, त्याला बी म्हणू. दोन्ही एकाच पट्टीवर मांडायचे. उत्तर बरोबर येण्याची शक्यता फक्त दोघांमधल्या अंतरावर ठरते.

```
P = 1 / (1 + e^-(θ - b))
```

सूत्र पाहून घाबरायचे कारण नाही. माणूस आणि प्रश्न एकाच उंचीवर असले की शक्यता 50 टक्के. माणूस एक एकक वर असला की 73 टक्के, दोन एकके वर असला की 88. एक एकक खाली असला की 27, दोन एकके खाली असला की 12. एवढ्या चार आकड्यांवर पुढचे सगळे समजते.

आता कोणी विचारेल, माणसाचा आकडा माहीत नाही, प्रश्नाचाही माहीत नाही, मग अंतर कसे काढायचे? दोर तर दोन्ही बाजूंनी बांधलेले आहेत. राशची खरी करामत इथे आहे. दोन प्रश्न घ्या. पहिल्याची पातळी शून्य, दुसरा त्याहून एका एककाने अवघड. आता हजार मुलांची एक चांगल्या शाळेतली तुकडी घ्या, जिथे प्रत्येकाची क्षमता एक आहे असे धरू. पहिला प्रश्न 73 टक्क्यांना येतो, दुसरा 50 टक्क्यांना. दुसरीकडे हजार मुलांची आश्रमशाळेतली तुकडी घ्या, तिथे प्रत्येकाची क्षमता उणे एक. पहिला प्रश्न 27 टक्क्यांना येतो, दुसरा 12 टक्क्यांना. जुन्या पद्धतीने पाहिले तर दोन्हीकडे प्रश्नांची काठिण्यपातळी अगदी वेगळी दिसते. पण ज्यांना दोन्ही आले आणि ज्यांना एकही आला नाही त्यांना बाजूला करा. दोघांपैकी नेमका एकच आला अशीच मुले ठेवा. पहिल्या तुकडीत फक्त पहिला प्रश्न आलेली मुले 366 निघतात आणि फक्त दुसरा आलेली 134. दुसऱ्या तुकडीत 237 आणि 87. भागाकार करून पाहा. दोन्हीकडे 2.7. मुलांची क्षमता हिशोबातून गळून पडली आणि प्रश्नांमधले अंतर तेवढे उरले. कुठल्याही शाळेत मोजा, तेच येईल, अर्थात प्रश्न खरोखर या नियमाने वागत असतील तर. नसतील वागत, तर भागाकार जुळणार नाहीत आणि गडबड लगेच उघडी पडेल. बेरीज स्वतःहून असा इशारा देत नाही.

राश डेन्मार्कमध्ये हे करत असताना अमेरिकेत एसएटी घेणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत, म्हणजे ईटीएसमध्ये, फ्रेडरिक लॉर्ड वेगळ्या वाटेने त्याच जागी येत होता. त्याचा ग्रंथ 1952 चा. पुढे अॅलन बर्नबॉमने सूत्र सोपे केले. या वाटेवर प्रश्नाला आणखी एक आकडा असतो, तो म्हणजे भेदनक्षमता. क्षमता थोडी वाढली की बरोबर येण्याची शक्यता किती झपाट्याने वाढते, हे तो सांगतो. चांगला प्रश्न येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला चटकन वेगळे करतो. ढिसाळ प्रश्न सगळ्यांनाच थोडाथोडा येतो. या सगळ्याला मिळून आयटम रिस्पॉन्स थिअरी म्हणतात. आयटम म्हणजे प्रश्न. नावातच कळते की जुन्या सिद्धान्तात हिशोबाचे एकक पेपर होते, इथे ते प्रश्न आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो आमच्यातही होता. आम्हाला वाटे की या पद्धतीत अवघड प्रश्न सोडवणाऱ्याला जास्त गुण मिळतात. राशच्या पद्धतीत तसे नाही. एकाच पेपरात दोघांचे 40 प्रश्न बरोबर असले तर, कुठले का असेनात, दोघांची क्षमता तेवढीच येते. बर्नबॉमच्या पद्धतीत कुठले प्रश्न आले याला अर्थ आहे, पण तिथेही जास्त वजन अवघड प्रश्नाला नाही तर चांगल्या भेदनक्षमतेच्या प्रश्नाला. नवी पद्धत जुन्याहून वेगळी कुठे? पेपर बदलला तरी, काही प्रश्न सामाईक असले तर, दोन माणसे एका पट्टीवर येतात. आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्रपणे उभे करून विचारता येते : तू कोणाशी कसा वागतोस?

हा प्रश्न कोर्टाच्या दारात गेला तो इलिनॉय राज्यात. तिथे विमा एजंटाचा परवाना मिळवायला परीक्षा द्यावी लागे आणि ती ईटीएस तयार करू लागली होती. गोल्डन रूल नावाच्या विमा कंपनीने 1976 मध्ये राज्याच्या विमा खात्यावर आणि ईटीएसवर खटला भरला. तक्रार अशी की परीक्षेचा एजंटाच्या कामाशी नीट संबंध नाही आणि ती कृष्णवर्णीय उमेदवारांना अन्यायाने गाळते. कंपनी काही चळवळीतली नव्हती, तिला एजंट हवे होते. पण तक्रार खरी होती. विमा विकणे हे वस्तीतल्या माणसाला कोट घालून करता येण्यासारखे काम. त्याच्या दारावर एक पेपर बसला होता आणि तो पेपर कोणी, कशावरून, का निवडला हे विचारायची सोय नव्हती.

आठ वर्षांनी, नोव्हेंबर 1984 मध्ये, तडजोड झाली. तीत प्रश्न निवडायचा नियम ठरला. थोडक्यात असा : जो प्रश्न गोऱ्यांपैकी, कृष्णवर्णीयांपैकी आणि एकूणात किमान 40 टक्क्यांना येतो आणि ज्यात गोऱ्या व कृष्णवर्णीय उमेदवारांच्या बरोबर उत्तरांतला फरक 15 टक्क्यांच्या आत आहे, तो पहिल्या वर्गाचा प्रश्न. बाकीचे दुसऱ्या वर्गाचे. पेपर काढताना शक्य तिथे पहिल्या वर्गातले, आणि त्यातही कमी फरकाचे, प्रश्न आधी घ्यायचे. प्रश्नवार आकडे वर्णवार ठेवायचे आणि जाहीर करायचे हेही तीत होते.

पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हाला हा नियम फार आवडला होता. ज्या प्रश्नात दरी मोठी तो मागे. सोपे, न्याय्य. म्हणून 1987 च्या जानेवारीत ईटीएसचे अध्यक्ष ग्रेगरी अॅनरिग यांनी ही तडजोड म्हणजे आपली चूक झाली असे जाहीर केले, हे कळले तेव्हा आम्हाला संताप आला. सह्या करून पाठ फिरवली, एवढेच आम्हाला दिसले. संताप शिल्लक आहे, पण मानसमापनातल्या लोकांनी घेतलेला आक्षेप आम्ही नंतर कागद-पेन्सिल घेऊन करून पाहिला आणि तो खोटा ठरवता आला नाही. तो इथे मांडतो. आकडे आम्ही धरलेले आहेत.

समजा, शाळा, घर, पैसा यांच्या विषमतेने एका गटाची विमाविषयातली तयारी अर्धे एकक वर आहे आणि दुसऱ्याची अर्धे एकक खाली. ही विषमता परीक्षेच्या आधी, बाहेर घडलेली आहे. आता एक उत्तम प्रश्न घ्या, पॉलिसीतल्या एका कलमाबद्दल. भेदनक्षमता दोन, काठिण्यपातळी शून्य. प्रश्न कोणाशीही पक्षपात करत नाही, फक्त तयारी पाहतो. वरच्या गटात तो 73 टक्क्यांना येतो आणि खालच्या गटात 27 टक्क्यांना. फरक 46. नियमाने तो मागे पडला. दुसरा प्रश्न घ्या, ढिसाळ, भेदनक्षमता अर्धा. तो 56 आणि 44 टक्क्यांना येतो. फरक 12. नियमाने तो पुढे आला. म्हणजे विमा येतो की नाही हे ज्याला नीट सांगता येत नाही तोच प्रश्न निवडला जातो.

तिसरा प्रश्न घ्या. फार सोपा, पण त्याच्या शब्दांत एक असा संदर्भ आहे की तो खालच्या गटाला विनाकारण अर्धे एकक जास्त अवघड जातो. हा खरा पक्षपाती प्रश्न. वरच्या गटात 97 टक्के, खालच्या गटात 88. पक्षपात नसता तर 92 आले असते. फरक 9. नियमाला काहीच दिसले नाही, प्रश्न पहिल्या वर्गात बसला! ज्याला पकडायचे तो सुटला आणि ज्याने काही केले नव्हते तो अडकला. कारण नियम अजूनही बेरजेच्याच भाषेत बोलत होता. 'किती टक्क्यांना आला' हे माप प्रश्न आणि माणसे दोन्ही मिसळून येते, हे आपण वर पाहिलेच.

आयटम रिस्पॉन्स थिअरी इथे वेगळा प्रश्न विचारते. सगळ्या गोऱ्यांची सगळ्या कृष्णवर्णीयांशी तुलना करू नका. ज्यांची क्षमता सारखी आहे असे गोरे आणि कृष्णवर्णीय उमेदवार समोरासमोर ठेवा आणि विचारा, या प्रश्नात त्यांची शक्यता सारखी आहे का? सारखी असेल तर दरी प्रश्नाने निर्माण केलेली नाही, ती शाळेत, वस्तीत, पगारात शोधा. सारखी नसेल तर प्रश्न दोषी. पहिले दोन प्रश्न या कसोटीत निर्दोष ठरतात, तिसरा पकडला जातो. गंमत अशी की ईटीएसने रोजच्या वापरासाठी पुढे जी पद्धत उचलली, मँटेल-हॅन्झेल नावाची, तीत सारखी क्षमता ठरवायला बेरजेचेच गुण वापरतात. थिअरीला उमेदवार खूप लागतात, हिशोब जड असतो. बेरीज स्वस्त पडते.

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, मग तुम्ही शेवटी ईटीएसचीच बाजू घेतली. नाही. जे आक्षेप घेणाऱ्यांनी मोठ्याने सांगितले नाही ते आता सांगतो.

'सारखी क्षमता' कशावरून ठरली? त्याच पेपरवरून. समजा 50 प्रश्नांपैकी पन्नासही प्रश्न एका गटाला अर्धे एकक जास्त अवघड जातात, कारण सगळा पेपरच एका घरच्या बोलीत लिहिला आहे. थिअरीला काय दिसेल? तिला दिसेल की त्या गटाची क्षमता अर्धे एकक कमी आहे आणि सर्व प्रश्न स्वच्छ आहेत. पट्टीला स्वतःचा शून्य नसतो. सगळी पट्टी सरकली तर आतून कळण्याचा उपाय नाही. आता पन्नासपैकी दहाच प्रश्न असे वाकडे असले तर? त्या दहांनी गटाची क्षमता सरासरीने एक दशांश खाली ओढली. म्हणून दहा प्रश्नांचा झुकाव पाच दशांश असूनही चार दशांशच दिसेल, आणि उरलेले चाळीस निर्दोष प्रश्न उलट त्या गटाच्या बाजूला एक दशांश झुकलेले दिसतील. मग कोणीतरी उठून म्हणेल, पाहा, काही प्रश्न यांच्या विरुद्ध आहेत आणि बरेचसे यांच्या बाजूचे, हिशोब बरोबरीत! ही चलाखी नसते, गणिताचा स्वभाव असतो. पण चलाखीसाठी ती उपयोगी पडते.

रॉय फ्रीडल हा ईटीएसमध्येच काम केलेला संशोधक. त्याने 2003 मध्ये दाखवले की एसएटीच्या भाषाविभागात सारख्या गुणांचे उमेदवार घेतले तर सोपे प्रश्न कृष्णवर्णीयांना किंचित जास्त अवघड जातात आणि अवघड प्रश्न किंचित सोपे. त्याचा अंदाज असा की सोपे शब्द रोजच्या बोलण्यातले असतात आणि रोजचे बोलणे प्रत्येक समाजाचे वेगळे, तर अवघड शब्द सगळेच पुस्तकातून शिकतात. त्याच्या पद्धतीवर टीका झाली. पुढे 2010 मध्ये सँटेलिसेस आणि विल्सन यांनी टीका लक्षात घेऊन नव्याने तपासले तेव्हा कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ही गोष्ट पुन्हा दिसली. 'सोपा' शब्द कोणाच्या घरचा, हा प्रश्न प्रमाण मराठीत पेपर देणाऱ्या आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून पट्टी सरकली आहे का हे पाहायला पेपरच्या बाहेरचे काहीतरी लागते. परवाना मिळाल्यावर एजंटाने काम कसे केले, प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थी किती टिकला, आणि प्रश्न लिहिणाऱ्यांच्या टेबलावर त्या वस्तीतला माणूस बसला होता का. गोल्डन रूलच्या तडजोडीत निवडीचा नियम चुकला असेल, पण प्रश्नवार, वर्णवार आकडे उघडे करण्याची अट अचूक होती. आक्षेप घेणाऱ्यांना ज्या आकड्यांवरून वाद घालता येतो ते आकडे तसेच बाहेर येतात.

आपल्याकडे काय? जेईई मेन 2019 पासून अनेक सत्रांत होते, एमएचटी-सीईटीही. दर सत्राचा पेपर वेगळा. तिथे गुणांचे पर्सेंटाइल करतात, म्हणजे आपल्या सत्रातले किती टक्के आपल्या बरोबरीला किंवा खाली आहेत ते. पुष्कळांना वाटते हीच ती आधुनिक थिअरी. ती नाही. पर्सेंटाइलमागे एक गृहीतक आहे की सगळ्या सत्रांत सारख्याच तयारीची मुले वाटली गेली. मोठ्या संख्येला चिठ्ठ्या टाकून वाटले तर ते बरेचसे खरे ठरते. पण ते पेपराबद्दल काही सांगत नाही, प्रश्नाबद्दल तर मुळीच नाही. आमच्या अभ्यासिकेत पहिल्या रविवारी आणि दुसऱ्या रविवारी आलेली मुले वेगळी होती, तिथे पर्सेंटाइलनेही त्या मुलीला न्याय मिळाला नसता. दोन्ही पेपरांत दहा-पंधरा सामाईक प्रश्न ठेवले असते तर मिळाला असता. आता ठेवतो.

आणखी एक गोष्ट, कटऑफबद्दल. जुन्या सिद्धान्तात चुकीची रुंदी सरसकट सगळ्यांना एकच धरण्याची रीत आहे. नव्या थिअरीत ती माणसागणिक वेगळी येते. शंभर प्रश्नांचा पेपर आणि सगळे प्रश्न एकाच पातळीचे धरले, तर त्या पातळीवरच्या माणसाच्या मोजमापात चूक 0.2 एककाची असते. दोन एकके खालच्या माणसासाठी ती 0.31, तीन एकके खालच्यासाठी 0.47. पेपर वरच्या काही हजार जागांसाठी अवघड काढला की तिथली माणसे बारीक मोजली जातात आणि कटऑफ जसजसा खाली येतो तसतशी पट्टी जाडीभरडी होत जाते. आणि त्याच जाड्याभरड्या जागी, एका गुणाने, अर्ध्या गुणाने, कोण आत आणि कोण बाहेर हे ठरते. मग तो आकडा घेऊन एखाद्या मुलाला आयुष्यभर सुनावले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने 20 जानेवारी 2022 रोजी, नीट पदव्युत्तर प्रवेशातल्या ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात, नील ऑरेलिओ नुनीस या निकालात म्हटले की स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजेच मेरिट नव्हे आणि काहींच्या वाट्याला आलेले सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक लाभ त्या गुणांत दिसत नाहीत. निकाल आपल्या बाजूचा आहे, तो उद्धृत करत राहू. पण पुढच्या वेळी कोणी 612 आणि 540 म्हणाले तर आम्ही आधी एवढेच विचारणार आहोत : पेपर एकच होता का, त्या पातळीवर चूक किती एककाची होती, आणि या 72 गुणांच्या फरकात कुठले कुठले प्रश्न आहेत? प्रश्नवार, प्रवर्गवार उत्तरांचे आकडे परीक्षा घेणाऱ्यांनी द्यावेत, असा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही तयार केला आहे. नमुना हवा असणाऱ्यांनी कळवावे.